९५ लाख दिले, खर्च ८१ लाख: वेर्ण्यातल्या एका कर्जरोख्याचा पाच वर्षांचा हिशेब

मे २०२२ मध्ये वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून मला बोलावणं आलं. प्लास्टिकचं आवेष्टन बनवणारी कंपनी, मालक मूळचे फोंड्याचे, कंपनीत मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचा ३० टक्के हिस्सा. त्या हिश्श्यामुळेच या कंपनीला इंड एएस ही लेखामानकं लागू होती. वार्षिक हिशेब तयार होते, ऑडिटरची सही व्हायची होती. आणि एकाच आकड्यावर सगळं अडलं होतं: ‘इतर उत्पन्न’ या सदरात ८०.९२ लाख रुपये जमा दिसत होते. ते उत्पन्न आहे, असं ऑडिटर मानायला तयार नव्हते.

हे ८०.९२ लाख कुठून आले, ते आधी सांगतो. कंपनीने एप्रिल २०१९ मध्ये सात वर्षांचे रोखे काढले होते, कूपन, म्हणजे रोख्यावर ठरलेलं वार्षिक व्याज, ९.५ टक्के, ते दरवर्षी ३१ मार्चला द्यायचं, परतफेड ३१ मार्च २०२६ रोजी. करारात एकूण २० कोटींची मालिका होती, पण त्या वेळी १० कोटीच उचलले. उरलेल्या १० कोटींची गरज दोन वर्षांनी पडली, एप्रिल २०२१ मध्ये. मधल्या काळात व्याजदर बरेच खाली आले होते. एप्रिल २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६ टक्के केला होता, मे २०२० पासून तो ४ टक्क्यांवर होता. या कंपनीला नव्याने कर्ज काढायचं असतं तर ७.५ टक्क्यांनी मिळालं असतं. पण करार तोच, मालिका तीच, म्हणून कूपनही ९.५ टक्केच ठेवावं लागलं. पैसे देणारे तीन गुंतवणूकदार होते, आणि तिघांनाही जुन्या मालिकेचेच रोखे हवे होते.

दर बदलता येत नाही तेव्हा किंमत बदलते. बाजारात ७.५ टक्के चालू असताना ९.५ टक्के देणारा रोखा कुणी दर्शनी किमतीला, म्हणजे कागदावर लिहिलेल्या किमतीला, विकत नाही. १० कोटींच्या रोख्यांसाठी गुंतवणूकदारांनी १०८०.९२ लाख मोजले. वरचे ८०.९२ लाख म्हणजे प्रीमियम. (वाटप प्रत्यक्षात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झालं. हिशेब स्वच्छ राहावा म्हणून इथे १ एप्रिल धरतो.)

कंपनीचा लेखापाल पेडण्याचा, पंचविशीतला, कामाला चोख. त्याने मला खातेवही दाखवली. वाटपाच्या दिवशी बँकेत १०८०.९२ लाख आले. त्यातले १००० लाख त्याने कर्ज म्हणून नोंदवले आणि उरलेले ८०.९२ लाख इतर उत्पन्नात टाकले. वर्षअखेरीला ९५ लाखांचं कूपन गेलं, ते सगळं व्याजखर्चात घेतलं.

“सर, लोकांनी स्वखुशीने जास्त दिले. ते परत करायचे नाहीत. मग उत्पन्न नाही तर काय?”

प्रश्न रास्त होता. रोख्याच्या कागदावर १० कोटीच परत करायचे असं लिहिलेलं असतं, ८०.९२ लाखांचा उल्लेख कुठेच नसतो. पण ते परत जातातच. दरवर्षी ९५ लाखांच्या कूपनमधून हप्त्याहप्त्याने जातात, म्हणून नजरेला दिसत नाहीत.

हे त्याला पटावं म्हणून मी त्याला बाजारदराने व्याज काढायला लावलं. १००० लाखांवर ७.५ टक्के म्हणजे ७५ लाख. कंपनी देते ९५. म्हणजे दरवर्षी २० लाख बाजारापेक्षा जास्त, आणि पाच वर्षांत १०० लाख. गुंतवणूकदाराने हे १०० लाख मिळवण्यासाठी आज ८०.९२ लाख मोजले. १०० का नाही? कारण ते २०-२० लाखांनी येणार, एक वर्षाने, दोन वर्षांनी, पाच वर्षांनी. ७.५ टक्क्यांनी त्यांची आजची किंमत काढली की पहिल्या २० लाखांचे १८.६० होतात, पाचव्या २० लाखांचे १३.९३. पाचही मिळवले की बरोबर ८०.९२ येतात. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत तपासता येतं:

```
=PV(7.5%,5,-95,-1000)
```

उत्तर १०८०.९२.

प्रीमियमचा खरा अर्थ हा आहे. तो नफा नाही, कंपनीच्या चांगल्या नावाची बक्षिसीही नाही. पुढच्या पाच वर्षांत कंपनी जे जादा व्याज देणार आहे, त्याची किंमत गुंतवणूकदाराने आधीच कंपनीच्या हातात ठेवली आहे. म्हणजे पहिल्या दिवशी कंपनीने १००० लाखांचं नाही, १०८०.९२ लाखांचं कर्ज घेतलं. खातेवहीत कर्जाचा आकडा तोच हवा.

दुपारी मालकही येऊन बसले. त्यांचा प्रश्न वेगळा होता आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. “दरवर्षी बँकेतून ९५ लाख जातात ते मी डोळ्यांनी बघतो. तुम्ही म्हणता खर्च ८१ लाख दाखवा. मग उरलेले १४ लाख गेले कुठे?”

मी त्यांना विचारलं, “भाऊ, मडगावच्या बाजारात तुम्ही दुकान घेताय असं समजा. आत भाडेकरू आहे, करार पाच वर्षांचा, आणि तो बाजारापेक्षा महिन्याला वीस हजार जास्त भाडं देतो. अशा दुकानाला तुम्ही जास्त किंमत द्याल की नाही?”

“देणार ना. पण ते वरचे वीस हजार माझी कमाई नव्हे, मी आधी दिलेलेच पैसे मला परत येतात.”

“तुमचा गुंतवणूकदार त्या जागी आहे. आणि तुम्ही भाडेकरूच्या. ते १४ लाख म्हणजे तुम्ही त्याला कर्जाचा हप्ता फेडताय.”

ते गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, “म्हणजे कर्ज दरवर्षी थोडं थोडं उतरतंय.” यापुढे त्यांना फार काही समजवावं लागलं नाही.

आता प्रत्यक्ष पद्धत. वर्षाच्या सुरुवातीला खातेवहीत कर्जाची जी किंमत आहे, तिला पुस्तकी किंमत म्हणू. तिच्यावर प्रभावी दराने, म्हणजे कर्ज प्रत्यक्षात ज्या दराने पडलं त्या दराने, इथे ७.५ टक्क्यांनी, व्याज काढायचं. तो त्या वर्षाचा व्याजखर्च. कूपनच्या ९५ लाखांतून हा खर्च वजा केला की जे उरतं ती कर्जाची परतफेड. तेवढा प्रीमियम उतरतो आणि नवी पुस्तकी किंमत मिळते. पुढच्या वर्षी नव्या किमतीवर पुन्हा हेच. पहिल्या वर्षी १०८०.९२ वर ७.५ टक्के म्हणजे ८१.०७ लाख खर्च. ९५ मधून ते काढले की १३.९३ लाख. वर्षअखेरची पुस्तकी किंमत १०६६.९९ लाख.

| वर्षअखेर | व्याजखर्च (लाख) | उतरलेला प्रीमियम (लाख) | पुस्तकी किंमत (लाख) |
|---|---|---|---|
| मार्च २०२२ | ८१.०७ | १३.९३ | १०६६.९९ |
| मार्च २०२३ | ८०.०२ | १४.९८ | १०५२.०१ |
| मार्च २०२४ | ७८.९० | १६.१० | १०३५.९१ |
| मार्च २०२५ | ७७.६९ | १७.३१ | १०१८.६० |
| मार्च २०२६ | ७६.४० | १८.६० | १०००.०० |

पाच वर्षांचा व्याजखर्च मिळवला तर ३९४.०८ लाख. पाच कूपन ४७५ लाखांची, त्यातून आधी मिळालेले ८०.९२ वजा केले की तोच आकडा. कंपनीला या कर्जाचा खरा खर्च एवढाच, पद्धत कोणतीही वापरली तरी. पद्धत फक्त कोणत्या वर्षाच्या वाट्याला किती खर्च येतो ते ठरवते.

या कोष्टकाची एक खूण मला फार उपयोगी पडते. उतरलेल्या प्रीमियमचा स्तंभ दरवर्षी बरोबर ७.५ टक्क्यांनी वाढतो. १३.९३ ला १.०७५ ने गुणा, १४.९८ येतात. त्याला पुन्हा गुणा, १६.१०. कारण सरळ आहे: कर्ज जितकं उतरतं तितकं त्यावरचं व्याज कमी होतं, आणि कूपन मात्र तेच, म्हणून वाचलेलं व्याज परतफेडीत मिळतं. गृहकर्जाच्या हप्त्यात सुरुवातीला मुद्दल कमी आणि पुढे जास्त फिटतं, त्यातलाच हा प्रकार. कुणाचंही कोष्टक हाती आलं की मी आधी हा स्तंभ बघतो. त्या स्तंभाची वाढ मध्येच तुटली असेल तर त्या वर्षी कुणीतरी चुकीच्या आकड्यावर व्याज काढलंय. बहुतेक वेळा पुस्तकी किमतीऐवजी दर्शनी किमतीवर.

पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा लेखापालाने दुसराच मार्ग सुचवला. ८०.९२ ला पाचाने भागायचं आणि दरवर्षी १६.१८ लाख समान उतरवायचे. काम सोपं, कोष्टक लक्षात ठेवायची गरज नाही. त्याच्या पद्धतीने प्रत्येक वर्षी खर्च ७८.८२ लाख. पहिल्या वर्षी हा आकडा सुरुवातीच्या कर्जाच्या ७.२९ टक्के होतो. पाचव्या वर्षी सुरुवातीचं कर्ज १०१६.१८ लाख आणि खर्च तेवढाच, म्हणजे ७.७६ टक्के. एकाच करारातलं, एकाच दिवशी घेतलेलं कर्ज खातेवहीत दरवर्षी महाग होत चाललेलं दिसतं, आणि तसं काहीही घडलेलं नसतं. कर्ज ७.५ टक्क्यांनी घेतलं, तर दरवर्षी ते ७.५ टक्क्यांनीच दिसलं पाहिजे. इंड एएस १०९ प्रभावी व्याज पद्धतच मागतं ती म्हणूनच. पहिल्या वर्षी दोन पद्धतींत फरक २.२५ लाखांचा. या कंपनीसाठी तो मोठा नव्हता, पण मुदत पंधरा-वीस वर्षांची असती आणि प्रीमियम जाडजूड असता तर त्याकडे डोळेझाक करता आली नसती.

आता मूळ चुकीकडे येऊ. लेखापालाच्या नोंदीत ८०.९२ लाख उत्पन्न होतं आणि ९५ लाख खर्च. बरोबर नोंदीत उत्पन्न शून्य आणि खर्च ८१.०७. दोन्हींतला फरक ६६.९९ लाख. नफा एवढ्याने फुगला होता, आणि कर्ज बरोबर एवढ्यानेच कमी दिसत होतं: १०६६.९९ च्या जागी १०००. हा मेळ योगायोगाने बसत नाही. न उतरलेला प्रीमियम जितका, तितकाच नफा जास्त. मी ते दोन आकडे एका कागदावर समोरासमोर लिहून लेखापालाला दिले. त्यानंतर त्याने एकदाही “उत्पन्न” हा शब्द काढला नाही.

पण काम इथे संपलं नाही. कागद चाळताना ‘कायदेशीर व व्यावसायिक शुल्क’ या खात्यात १२ लाख रुपये दिसले. हे रोखे काढण्यासाठी मध्यस्थाला, विश्वस्ताला आणि वकिलाला दिलेले पैसे आणि मुद्रांक शुल्क. कर्ज मिळवण्यासाठीच हे पैसे खर्च झाले, म्हणून तेही त्याच कर्जाच्या खर्चात, पाच वर्षांवर, जायला हवेत. इंड एएस १०९ नुसार असा थेट व्यवहारखर्च मिळालेल्या रकमेतून वजा होतो. म्हणजे सुरुवातीची पुस्तकी किंमत १०८०.९२ नव्हे, १०६८.९२ लाख.

आणि मग दरही ७.५ राहत नाही. हातात पैसे कमी आले, फेडायचे तेवढेच, तेव्हा कर्ज महागच पडलं. नवा प्रभावी दर असा निघतो:

```
=RATE(5,-95,1068.92,-1000)
```

उत्तर सुमारे ७.७८४ टक्के. इथे नवशिक्यांची एक नेमकी चूक होते. कोष्टकात नेहमीप्रमाणे दोन दशांश ठेवून ७.७८ टाकलं, तर पाचव्या वर्षाअखेर पुस्तकी किंमत १००० वर येत नाही, ९९९.७७ वर येते. २३ हजार रुपये कुठेच सापडत नाहीत, आणि मग शेवटच्या वर्षी ते ‘जुळवणी’ म्हणून कुठल्या तरी खात्यात ढकलले जातात. दर गोल करायचा नसतो. सूत्राच्या चौकटीतला पूर्ण आकडाच पुढच्या ओळींना जोडायचा. गोल करायचे ते फक्त दाखवायचे आकडे.

अखेर कंपनीच्या खातेवहीत जे कोष्टक गेलं ते याच दराचं. व्याजखर्च पहिल्या वर्षी ८३.२० लाख, मग ८२.२८, ८१.२९, ८०.२३ आणि ७९.०८. बेरीज ४०६.०८, आधीच्या ३९४.०८ पेक्षा बरोबर १२ लाख जास्त. वर्षअखेरची पुस्तकी किंमत १०५७.१२, १०४४.४०, १०३०.७०, १०१५.९२ आणि शेवटी १०००. मार्च २०२२ च्या हिशेबात नफ्यातून शेवटी ५७.१२ लाख कमी झाले. मालकांना ते जड गेलं, पण सही त्याच महिन्यात झाली.

नोंद करताना लेखापालाला एकच गोष्ट पुन्हा सांगावी लागली. व्याजखर्च ८३.२० आणि रोखे खाते ११.८० नावे, बँक ९५ जमा, इथपर्यंत त्याला जमलं. पण टीडीएससाठी त्याने व्याज म्हणून ८३.२० घेतले. टीडीएसचा हिशेब गुंतवणूकदाराला देय असलेल्या व्याजावर, म्हणजे कूपनच्या पूर्ण ९५ लाखांवर करायचा असतो. खातेवहीत आपण त्यातले किती परतफेड म्हणून दाखवतो, याच्याशी त्याचा संबंध नाही.

२०२३ च्या मे महिन्यात मालकांचा पुन्हा फोन आला. दरम्यान रिझर्व्ह बँकेने रेपो दर मे २०२२ पासून वाढवत नेऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ टक्क्यांवर ठेवला होता. “आता असं कर्ज ७.५ ला मिळत नाही. मग कोष्टक बदलायचं का?” नाही. प्रभावी दर कर्ज घेतलं त्या दिवशी ठरला आणि कूपन पक्कं असेल तर शेवटपर्यंत तोच राहतो. बाजारदर वाढल्यामुळे त्या रोख्यांचं बाजारमूल्य खाली आलं असेल. ते टिपणांमध्ये स्वतंत्र दाखवायचं. व्याजखर्चाच्या रांगेला त्याचा स्पर्श होत नाही. मुदतीआधी परतफेड होणार असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मार्च २०२४ मध्ये ठरल्याप्रमाणे कूपन देऊन कंपनीने १०२० लाखांना रोखे परत घेतले असते, तर १०३०.७० आणि १०२० यांतले १०.७० लाख त्या वर्षी एकदम नफ्यात आले असते.

आणखी एक गोष्ट या प्रकरणात आली नाही, पण एप्रिलऐवजी जुलैत वाटप झालं असतं तर आली असती. तेव्हा गुंतवणूकदार एप्रिल ते जून या तीन महिन्यांचं साठलेलं व्याज, २३.७५ लाख, किमतीसोबत देतो, कारण मार्चमध्ये त्याला पूर्ण वर्षाचं कूपन मिळणार असतं. ते २३.७५ लाख प्रीमियममध्ये मिसळले की पुढची सगळी वर्षं बिघडतात. प्रीमियम अकारण जाड दिसतो आणि प्रभावी दर अकारण कमी. बँकेत आलेल्या एकाच रकमेत ही दोन वेगळी खाती लपलेली असतात, म्हणून कूपनच्या दोन तारखांच्या मध्ये वाटप झालं असेल तर मी आधी वाटपपत्र मागतो, बँकेचं विवरण नंतर.

मे २०२५ मध्ये शेवटच्या वर्षाची तयारी करायला बसलो. परतफेड बारा महिन्यांच्या आत आली होती, म्हणून १०१५.९२ लाख ताळेबंदात दीर्घ मुदतीच्या कर्जातून चालू देण्यांमध्ये आले. मालकांनी विचारलं, ३१ मार्च २०२६ ला बँकेत किती तयार ठेवू? १०९५ लाख, मी म्हटलं. १००० दर्शनी किंमत आणि ९५ कूपन. लेखापालाने स्वतःहून शेजारच्या कागदावर दुसरी बेरीज केली आणि माझ्यापुढे सरकवली: कर्ज १०१५.९२, वर्षाचं व्याज ७९.०८, एकूण १०९५.००.